सापळ्यात २७, मोजणीत १७: कपाशीच्या कार्डावरून हरवलेले दहा पतंग

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात शेतकऱ्यांचा एक गट कपाशीत कामगंध सापळे लावतो. सापळा तीन बाजूंचा, पऱ्हाटीच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर टांगलेला. आत गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाची गोळी आणि तळाला चिकट कार्ड. गंधामागे येणारे नर पतंग कार्डाला चिकटतात. रोज सकाळी कोणीतरी कार्डाचा फोटो काढायचा, मोबाइलमधल्या मॉडेलने पतंग मोजायचे आणि आकडा गटाच्या वहीत जायचा, अशी पद्धत. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, तेही सलग तीन रात्री, अशी आर्थिक नुकसानीची पातळी धरली जाते. ती गाठली की बोंडे फोडून पाहायची आणि फवारणीचा निर्णय घ्यायचा. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भाची बोंडे आतून पोखरली, तेव्हापासून इथे हा आठचा आकडा बांधावरच्या प्रत्येकाला पाठ आहे.

ऑक्टोबरमधल्या एका कार्डावर मोबाइलने तीन रात्रींचे मिळून १७ पतंग मोजले. म्हणजे रात्रीला सहासुद्धा नाहीत, काळजीचं कारण नाही. पण ज्यांचं शेत होतं त्या काकांनी कार्ड हातात घेऊन काडीने एकेक पतंग मोजला. २७ भरले. पहिल्या रात्री ८, दुसऱ्या रात्री ९, तिसऱ्या रात्री १०, आणि फोटो काढणाऱ्या ताईंच्या स्वतःच्या वहीतही तेच होते. "कार्ड त भरून गेलं, अन् हे सतराच काहून सांगते?" असा त्यांचा प्रश्न. मॉडेल गटाने बाहेरून बनवून घेतलं होतं. त्याची फाइल, प्रशिक्षणाचे फोटो आणि हे कार्ड माझ्याकडे तपासायला आलं. या लेखात त्या एका कार्डाचाच हिशेब आहे: दहा पतंग नेमके कोणत्या पायरीवर गळाले.

आधी गळती कुठे आहे ते शोधणं

मॉडेल रेटिनानेट जातीचं, म्हणजे चित्रातल्या वस्तूंभोवती चौकटी टाकणारं होतं, पायथॉनच्या `torchvision` या लायब्ररीमधून घेतलेलं आणि बहुतेक सेटिंग जशीच्या तशी ठेवलेली. अशा मॉडेलचं काम थोडक्यात असं चालतं. चित्रभर ठराविक अंतरावर, ठराविक मापांच्या हजारो कोऱ्या चौकटी आधीच मांडलेल्या असतात. त्यांना अँकर बॉक्स म्हणतात. प्रत्येक अँकरसाठी मॉडेल दोन गोष्टी सांगतं: इथे पतंग असण्याची खात्री किती, म्हणजे त्या चौकटीचे गुण, आणि ही चौकट किती सरकवली, किती ताणली किंवा आक्रसली की पतंगावर नीट बसेल. एकाच पतंगावर अर्थातच अनेक अँकर दावा करतात. म्हणून शेवटी नॉन-मॅक्सिमम सप्रेशन, म्हणजे एनएमएस, ही छाटणी होते. सर्वांत जास्त गुणांची चौकट ठेवायची, तिच्यावर फार चढलेल्या बाकीच्या काढून टाकायच्या, मग उरलेल्यांतली सर्वांत वरची घ्यायची आणि असंच पुढे जायचं.

म्हणजे पतंग दोन ठिकाणी हरवू शकतो. एक तर मॉडेलने त्याच्यावर चौकटच टाकली नाही, किंवा टाकली होती पण छाटणीत गेली. शेवटच्या उत्तरात दोन्ही प्रकार सारखेच दिसतात: पतंग आहे आणि चौकट नाही. इलाज मात्र दोघांचे पूर्ण वेगळे आहेत. त्यामुळे फोटो वाढवा, पुन्हा प्रशिक्षण द्या असल्या उपायांना हात घालण्याआधी मी छाटणी बंद करून कार्ड पुन्हा चालवलं:

```python
model.score_thresh = 0.05
model.nms_thresh = 1.0
model.detections_per_img = 5000
```

`nms_thresh` १ केला की एकही चौकट छाटली जात नाही, कारण दोन चौकटींचं एकमेकींवर चढणं १ च्या पुढे जाऊच शकत नाही. तिसरी ओळ विसरू नये. मूळ मर्यादा एका चित्राला ३०० चौकटींची आहे. छाटणी बंद असताना ठळक पतंगांच्या नकलाच ती जागा भरून टाकतात आणि फिकट पतंगांच्या चौकटी यादीत येतच नाहीत. मग निदान उलटं निघतं.

दहा हरवलेल्या पतंगांवर एकेक करून पाहिलं. तिघांवर ०.८ च्या वर गुण असलेल्या छान चौकटी होत्या. म्हणजे मॉडेलला ते दिसले होते, छाटणीने खाल्ले. बाकी सातांवर एक तर काहीच नव्हतं किंवा ०.१ च्या आसपास गुणांची, भलतीकडे सरकलेली चौकट होती. त्या सातांचं दुखणं प्रशिक्षणातलं, अँकरशी जुळणीचं. आधी तेच घेतो.

सात पतंग: अँकर मोठे, पतंग लहान

दोन चौकटी एकमेकींशी किती जुळतात हे मोजायचं माप म्हणजे इंटरसेक्शन ओव्हर युनियन, बोलीत आयओयू. दोन्हींचा छेद, म्हणजे सामाईक क्षेत्रफळ, भागिले दोन्हींचा संयोग, म्हणजे दोघींनी मिळून व्यापलेलं क्षेत्रफळ. तंतोतंत जुळल्या तर १, शिवल्याच नाहीत तर ०. प्रशिक्षणाच्या वेळी कोणता अँकर कोणत्या पतंगासाठी जबाबदार, हे याच मापाने ठरतं. रेटिनानेटमध्ये आयओयू ०.५ किंवा जास्त असेल तर तो अँकर त्या पतंगाचा. ०.४ पेक्षा कमी असेल तर तो पार्श्वभूमी, म्हणजे "इथे काही नाही" हे शिकण्यासाठी वापरायचा. मधले बाजूला ठेवायचे.

आता कार्डाची मापं घेऊ. कार्ड २० सेंटीमीटर चौरस. बसलेला पतंग साधारण ९ मिलीमीटर लांब आणि ४ मिलीमीटर रुंद. फोन ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो काढतो, पण मॉडेल आत घेताना लहान बाजू ८०० पिक्सेलवर आणतं. कार्ड फोटोभर पसरलेलं असेल, तर २० सेंटीमीटरला ८०० पिक्सेल, म्हणजे मिलीमीटरला ४. पतंग ३६ × १६ पिक्सेलचा होतो. मॉडेलमधले सर्वांत लहान अँकर ३२ × ३२ च्या क्षेत्रफळाचे असतात आणि त्यांतला आडवा अँकर साधारण ४५ × २३ चा. पतंग त्याच्या मधोमध बसला तर छेद ३६ × १६ = ५७६, संयोग १०३५, आयओयू ०.५६. काठावर का होईना, पास.

मॉडेल हाती देताना जी चाचणी दाखवली गेली तिचे फोटो असेच होते. कार्ड टेबलावर ठेवून, चौकट भरून काढलेले. त्यांत सगळं ठीक चालत होतं आणि तो अहवाल खोटा नव्हता.

शेतात मात्र असा फोटो निघत नाही. ऑक्टोबरात पऱ्हाटी छातीला लागते. एका हातात डिंकाने माखलेलं कार्ड, दुसऱ्या हातात फोन. कार्डावर स्वतःची सावली पडू नये म्हणून हात लांब धरावा लागतो. ताईंच्या फोटोंत कार्ड फोटोच्या लहान बाजूच्या जेमतेम निम्म्यात येतं. म्हणजे ८०० पैकी ४०० पिक्सेल, मिलीमीटरला २. पतंग उरला १८ × ८ पिक्सेलचा. तो सर्वांत लहान अँकरच्या पूर्ण आत बसला तरी छेद १४४, संयोग १०२४, आयओयू ०.१४. तिरका बसलेला पतंग त्यातल्या त्यात सुदैवी, कारण त्याची उभी-आडवी चौकट फुगून १८ × १८ ची होते. त्याचाही आयओयू ०.३२ च्या वर जात नाही. या फोटोंतल्या कोणत्याच पतंगाला ०.४ ओलांडणारा अँकर मिळत नाही.

मग १७ तरी कसे सापडले? `torchvision` च्या जुळणीत एक पळवाट ठेवलेली आहे. ज्या वस्तूला कोणीच लायक अँकर मिळत नाही, तिला सर्वांत कमी वाईट अँकर बळेच जोडून दिला जातो. त्या आधारावर मॉडेल एकटे, ठळक पतंग शिकलं. पण हा आधार कच्चा आहे. चौकट पतंगापेक्षा सातपट मोठी असेल तर मॉडेलला ती खूप आवळावी लागते. शिवाय दोन पतंग शेजारी असले की एकच मोठा अँकर दोघांनाही आत घेतो आणि एका अँकरला एकाच पतंगाची जबाबदारी घेता येते. माझ्याकडच्या सातांपैकी पाच जण असे दाटीतले होते, हे योगायोगाने नाही.

मॉडेलला शेतातले आणखी फोटो देऊन पुन्हा शिकवा, हा सल्ला गटाला आधीच मिळाला होता. त्याने फरक पडला नसता. शेतातले फोटो प्रशिक्षणात आधीपासून होतेच. त्यांतल्या पतंगांना धड अँकर मिळत नव्हता आणि फोटो वाढवून ते माप बदलत नाही.

दुसरा सल्ला अँकर लहान करा असा असतो, आणि ऐकायला तो बरोबर वाटतो. वायओएलओ या वस्तू शोधणाऱ्या दुसऱ्या एका मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती रीतही रुळलेली आहे: आपल्या डेटामधल्या चौकटींच्या लांबी-रुंदीचे गट पाडायचे, जवळीक मोजायला आयओयू वापरायचा आणि गटांच्या मध्यांना अँकर मानायचं. पण इथे एक अडचण राहते. अँकर चित्रात कुठेही ठेवता येत नाहीत, ते जाळीवर बसलेले असतात. रेटिनानेटच्या सर्वांत बारीक थरात जाळीचं अंतर ८ पिक्सेल आहे, त्यामुळे पतंगाचा मध्य जवळच्या अँकरच्या मध्यापासून दोन्ही दिशांनी ४ पिक्सेलपर्यंत लांब असू शकतो. समजा आपण अगदी मापाचा, १८ × ८ चा अँकर बनवला आणि पतंग नेमका ४-४ पिक्सेल सरकलेला निघाला. छेद १४ × ४ = ५६, संयोग २८८ − ५६ = २३२, आयओयू ०.२४. माप तंतोतंत, तरी नापास. तेवढंच सरकणं ६८ × ३० च्या पतंगाला लागू करून पाहा: छेद ६४ × २६ = १६६४, संयोग २४१६, आयओयू ०.६९. चार पिक्सेल दोघांनाही चारच आहेत, पण लहान चौकटीचा त्यात अर्धा जीव जातो. लहान वस्तूंच्या बाबतीत आयओयूचं हे वागणं एकदा हाताने मांडून पाहिलं की पुढे कोणत्याही मॉडेलची सेटिंग वाचताना नजर आधी तिथे जाते.

म्हणून अँकरला हात न लावता पतंगच मोठा ठेवायचा ठरवला. मूळ फोटोत तो मोठाच आहे, आपण तो लहान करून मॉडेलला देत होतो. ३००० पिक्सेलच्या बाजूत कार्ड निम्मं, म्हणजे १५०० पिक्सेल, मिलीमीटरला साडेसात. पतंग ६८ × ३० चा. ताईंनी फोटोत कार्डाच्या चार कोपऱ्यांवर बोट टेकवायचं, तेवढा भाग कापून सरळ करायचा आणि त्याचे ८०० × ८०० चे चार तुकडे करायचे. शेजारच्या तुकड्यांत १०० पिक्सेलचा भाग सामाईक ठेवायचा. ८०० अधिक ८०० उणे १०० बरोबर १५००. तुकडा ८०० चाच असल्याने मॉडेल तो पुन्हा लहान करत नाही. मॉडेलच्या जुन्याच अँकरांत ७१ × ३५ चा एक आहे. पतंग त्याच्या मध्यात असेल तर आयओयू ०.८२, आणि जाळीवर सर्वांत वाईट जागी असला तरी ०.७०. जुन्याच फोटोंचे, त्यांतल्या पतंगांभोवती प्रशिक्षणासाठी काढलेल्या जुन्याच खुणांसकट, असे तुकडे पाडून पुन्हा प्रशिक्षण दिलं.

यात फोटो कोणत्या वाटेने येतो याला फार महत्त्व आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होऊन पोचतो आणि मग तुकडे पाडण्यात अर्थ उरत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ माप राहतं. गावात रेंज कमी असली की मोठी फाइल अडकते, म्हणून आता कोपरे निवडून कापण्याचं काम फोनवरच होतं आणि फक्त कार्डाचा भाग पुढे जातो.

तुकड्यांच्या शिवणीवर एक नवी चूक तयार होते, ती लगेच पकडावी लागते. शिवणीवरचा पतंग एका तुकड्यात पूर्ण येतो आणि शेजारच्या तुकड्यात कापलेला. दोन्हीकडून चौकट येते. कापलेला भाग ४० पिक्सेलचा असेल तर पूर्ण चौकटीशी त्याचा आयओयू ४० भागिले ६८, म्हणजे ०.५९, आणि छाटणी तो काढून टाकते. पण २५ पिक्सेलचाच तुकडा असेल तर ०.३७. तो छाटणीतून सुटतो आणि एक पतंग दोनदा मोजला जातो. उपाय छाटणीत शोधायचा नाही. सामाईक पट्टा १०० पिक्सेलचा आणि पतंग फार तर सत्तरचा, म्हणजे जो पतंग एका तुकड्याच्या आतल्या कडेला कापला गेला तो शेजारच्या तुकड्यात पूर्ण असणारच. म्हणून आतल्या कडेला टेकलेली प्रत्येक चौकट सरळ टाकून द्यायची. कार्डाच्या बाहेरच्या कडेला हा नियम लावायचा नाही, तिथे शेजारी तुकडाच नसतो.

एवढं झाल्यावर सातांपैकी सहा परत आले आणि मोजणी २३ वर गेली. सातवा कार्डाच्या घडीत अर्धा दबलेला होता, त्याचं एकच पंख वर दिसत होतं. त्याच्यासाठी मी काही केलं नाही.

तीन पतंग: छाटणीत गेलेले

आयओयू हे गुणोत्तर आहे. फोटो दुप्पट मोठा केला तर छेद चौपट होतो आणि संयोगही चौपट, आकडा तोच राहतो. म्हणून तुकडे पाडून अँकरचं दुखणं बरं झालं, तरी छाटणीत जाणारे तीन पतंग जसेच्या तसे जात राहिले. ते वेगळंच सोडवावं लागणार हे गणितातूनच दिसत होतं.

तीन जागी दोन-दोन पतंग एकमेकांवर चढून चिकटले होते. छाटणीची मर्यादा ०.५ होती. विशेष म्हणजे कार्डावर चढून बसलेल्या आणखी दोन जोड्या होत्या आणि त्या दोन्ही व्यवस्थित मोजल्या गेल्या होत्या. एका कार्डावर, सारख्याच दाटीत, काही जोड्या वाचतात आणि काही जात आहेत, हे पाहून मी त्यांच्या चौकटी कागदावर काढल्या.

वाचलेल्या जोड्यांतले पतंग आडवे होते. ६८ × ३० च्या दोन चौकटी, एकीवर दुसरी अर्ध्या रुंदीने चढलेली, म्हणजे १५ पिक्सेलने सरकलेली. छेद ६८ × १५ = १०२०, संयोग ३०६०, आयओयू ०.३३. मर्यादेच्या बराच खाली, दोन्ही राहतात. गेलेल्या जोड्यांपैकी एकीत पतंग अगदी तेवढेच चढलेले, पण कार्डाच्या कडेशी पंचेचाळीस अंशांत तिरके होते. तिरक्या पतंगाची चौकट ६९ × ६९ ची होते आणि तिच्यात बरंचसं कोरं कार्डच असतं. १५ पिक्सेलचं सरकणं तिरक्या दिशेने, म्हणजे आडवं ११ आणि उभं ११. छेद ५८ × ५८ = ३३६४, संयोग ६१५८, आयओयू ०.५५. मर्यादेच्या वर, त्यामुळे कमी गुणांचा पतंग गेला. पतंग तितकेच चढलेले, फक्त कार्ड पंचेचाळीस अंशांत वळवलं असतं तर दोघेही मोजले गेले असते. दुसरी जोडीही तिरकीच होती, आयओयू ०.५२. छाटणीला पतंग दिसत नाहीत, तिला फक्त चौकटी दिसतात, आणि तिरक्या पतंगांच्या चौकटी एकमेकांच्या कोऱ्या जागेवर भांडतात.

तिसरी जोडी काटकोनात, गुणिलेच्या चिन्हासारखी एकमेकांवर पडलेली. दोघांच्या चौकटी जवळजवळ एकच. आयओयू ०.९ च्या वर.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे मर्यादा ०.५ वरून ०.६ करणं. करून पाहिला आणि मोजणी आली २७, काकांच्या आकड्याशी तंतोतंत. पण चौकटी उघडून पाहिल्या तेव्हा खरे पतंग २५ च होते. उरलेल्या दोन चौकटी पंख पसरलेल्या दोन पतंगांवर जादा बसल्या होत्या: एक पंखांसकट पूर्ण पतंगावर, दुसरी फक्त अंगावर, दोन्ही ठिकाणी आयओयू ०.५७ च्या घरात. दोन पतंग सुटले, दोन दोनदा मोजले आणि बेरीज जुळली. फक्त एकूण आकडा ताडून मॉडेल पास करणाऱ्यांना मी आवर्जून हे कार्ड दाखवतो. प्रत्येक चौकट कोणत्या पतंगाची हे लावल्याशिवाय मोजणी बरोबर आहे असं म्हणता येत नाही.

म्हणून मर्यादा ०.५ वर ठेवूनही नाही आणि ०.६ वर नेऊनही नाही, तर चढलेल्या चौकटीला एकदम काढून न टाकता तिचे गुण कमी करायचे, ही २०१७ मध्ये सॉफ्ट-एनएमएस या नावाने मांडलेली रीत वापरली. जितकी जास्त चढलेली, तितकी जास्त कपात:

```
s = s * exp(-(iou**2) / 0.5)
```

सगळ्या कपाती झाल्यावर ०.४ पेक्षा कमी गुणांच्या चौकटी टाकून द्यायच्या. आपल्या कार्डावर हे असं उतरतं. तिरक्या जोडीतल्या हरवलेल्या पतंगाचे गुण ०.८८, आयओयू ०.५५, कपातीनंतर ०.४८ उरतात, तो वाचतो. दुसऱ्या तिरक्या जोडीत गुण ०.८१, आयओयू ०.५२, उरतात ०.४७, तोही वाचतो. पंख पसरलेल्या पतंगांवरच्या जादा चौकटींपैकी जिचे गुण जास्त होते तिचे गुण ०.५८, आयओयू ०.५७, उरतात ०.३०, ती जाते. एकाच पतंगावरची नेहमीची नक्कल, गुण ०.७० आणि आयओयू ०.८, उरतात ०.१९, तीही जाते. खरा पतंग आणि जादा चौकट यांचा आयओयू इथे जवळपास सारखाच आहे. दोघांना वेगळं केलं ते मूळ गुणांनी, आणि साधी छाटणी चढलेल्या चौकटीचे गुण पाहतच नाही, फक्त क्रम लावायला वापरते.

याची मर्यादाही त्यातच आहे. खाली दबलेला पतंग फिकट असेल, त्याचे गुण मुळात ०.६ असतील, तर कपातीनंतर तोही जाईल. ०.४ हा आकडा या गटाच्या कार्डांवर, चढलेल्या जोड्या निवडून निवडून पाहून ठरवलेला आहे. दुसऱ्या सापळ्याला, दुसऱ्या कॅमेऱ्याला तो जसाच्या तसा लावू नये.

गुणिलेच्या आकाराच्या जोडीला मात्र सॉफ्ट-एनएमएस वाचवू शकत नाही. आयओयू ०.९५ धरला तर गुण एक षष्ठांशावर येतात. तिथे चौकटच बदलावी लागेल, पतंगाच्या दिशेने फिरवलेली. ६८ × ३० च्या दोन फिरवलेल्या चौकटी काटकोनात आल्या तर छेद ३० × ३० = ९००, संयोग ३१८०, आयओयू ०.२८, आणि साध्या छाटणीतही दोन्ही राहतात. पण त्यासाठी जुन्या प्रत्येक खुणेला कोन द्यावा लागतो, अँकरही फिरवलेले लागतात आणि आयओयू काढायचं गणित बदलतं. एका कार्डावर एखाददुसऱ्या जोडीसाठी ते काम सध्या हाती घेतलेलं नाही.

वहीत काय बदललं

आता या कार्डावर मॉडेल २५ मोजतं: पहिल्या रात्री ८, दुसऱ्या रात्रीपर्यंत १६, तिसऱ्या रात्रीपर्यंत २५. प्रत्येक रात्र आठला पोचते आणि इशारा वेळेवर जातो. पण दुसऱ्या रात्रीचे खरे ९ मोबाइलवर ८ दिसले, हे लक्षात घ्या. ज्या रात्री खरे ८ असतील आणि एक पतंग घडीत दबला असेल, त्या रात्री मोबाइल ७ सांगेल आणि सलग तीन रात्रींची साखळी तुटेल. म्हणून गटाने ठरवलं की मोबाइलचा रात्रीचा आकडा ६ ते ९ मध्ये आला तर ताई चौकटींसकट फोटो उघडून स्वतः मोजतात. त्याच्या बाहेरचे आकडे तसेच वहीत जातात. कार्डावर तीसच्या वर पतंग झाले की कार्ड बदलतात, कारण दाटी वाढली की चढलेल्या जोड्या वाढतात आणि वर सांगितलेला सगळा हिशेब ढिला पडतो.

काकांच्या शेतात त्या आठवड्यात एकरी वीस हिरवी बोंडे फोडून पाहिली. वीसमध्ये दोन किडकी निघाली तर पातळी ओलांडली असं धरतात. त्यांच्याकडे तीन निघाली.